बेदाण्यावर पांढरं दिसलं: साखर की बुरशी?



पाऊस सुरू झाला की कंपनीच्या नंबरवर बेदाण्याचे फोटो यायला लागतात. कोल्ड स्टोरेजमधनं बॉक्स काढला, उघडला, तर मण्यांवर पांढरं. कुणाच्या मालावर मिठासारखे दाणे, कुणाच्या मालावर पावडर मारल्यासारखी छटा, कुणाचा माल हाताला चिकटतोय. खाली प्रश्न एकच असतो, "ताई, माल गेला का?"

फोटोवरनं याचं उत्तर देता येत नाही. साखर आणि बुरशी दोन्ही फोटोत पांढरीच दिसतात. पण घरी एक वाटी कोमट पाणी घेतलं तर बहुतेक वेळा पाच मिनिटांत कळतं. म्हणून आजचा मेसेज जरा मोठा आहे. निवांत वाचा, आणि माल विकायच्या आधी वाचा. कारण नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. साखर आलेला चांगला माल बुरशीच्या भावात जातो, आणि बुरशीचे दोन बॉक्स "साखरच हाय ओ" म्हणून चांगल्या मालात मिसळले की अख्खा लॉट परत येतो.

*साखर बाहेर येते कशी?*

साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो हे आपल्याला माहीत आहे. पाणी उडून जातं, साखर जागेवर राहते. आता एक १५ किलोचा बॉक्स डोळ्यापुढं आणा. ओलावा १५ टक्के धरला तर त्यात सव्वादोन किलोच्या आसपास पाणी आहे आणि साखर आहे साधारण दहा किलो. ही साखर म्हणजे आपली उसाची साखर नव्हे. द्राक्षात दोन साखरा असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, जवळपास निम्म्या-निम्म्या. म्हणजे पाच किलो ग्लुकोज, पाच किलो फ्रुक्टोज.

या दोघींचे स्वभाव वेगळे आहेत. फ्रुक्टोज पाण्यात भरपूर विरघळते. नेहमीच्या तापमानाला एक किलो पाण्यात चार किलोच्या आसपास मावते, आणि हवेतला ओलावाही ती ओढून घेते. चिकटपणा येतो तो मुख्यतः तिच्यामुळं. ग्लुकोज मात्र एक किलो पाण्यात जेमतेम एक किलो विरघळते. म्हणजे आपल्या बॉक्समधल्या सव्वादोन किलो पाण्यात फार तर सव्वादोन किलो ग्लुकोज मावायला पाहिजे, आणि आहे पाच किलो! उरलेली ग्लुकोज खडे धरायला कायम टपलेली असते. थंडीत मध गोठतो ना, तोच हा प्रकार. मधातही गोठते ती ग्लुकोजच, आणि गोठलेला मध कुणी खराब म्हणत नाही.

मग सगळाच बेदाणा पांढरा का पडत नाही? कारण चांगल्या वाळलेल्या मण्यात आतला पाक इतका घट्ट असतो की साखरेला हलताच येत नाही. ओलावा १७-१८ टक्क्यांवर राहिला की पाक पातळ होतो, साखर सरकते, सालीवरच्या बारीक भेगांतनं आणि देठाच्या जागेवरनं बाहेर येते आणि तिथं खडा धरते. म्हणून साखर आधी दिसते ती देठापाशी, सुरकुत्यांच्या खाचेत, किंवा निवडणीत आणि मशिनीत साल फाटलेल्या मण्यावर. डिपिंग ऑइल आणि पोटॅशच्या द्रावणात द्राक्ष बुडवतो तेव्हा मण्यावरचं मेण सैल होतं, म्हणून तर माल दहा-पंधरा दिवसांत वाळतो. पण द्रावण जास्त कडक झालं किंवा माल जास्त वेळ बुडाला की साल नाजूक होते आणि पुढं साखरेला वाट मिळते.

*वाटीची परीक्षा*

दोन स्टीलच्या वाट्या घ्या. दोन्हींत कोमट पाणी, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला चालेल एवढंच गरम. उकळतं नको. एका वाटीत पांढरे पडलेले दहा मणे टाका. ते बॉक्सच्या वरनं, मधनं, तळातनं आणि चारी कोपऱ्यांतनं घेतलेले असावेत. दुसऱ्या वाटीत त्याच लॉटमधले स्वच्छ दिसणारे दहा मणे टाका. ही दुसरी वाटी टाळू नका, कारण तुलना असल्याशिवाय नजर फसते. चमच्यानं हळू ढवळा आणि दोन-तीन मिनिटं थांबा.

साखर असेल तर पांढरं पूर्ण विरघळतं. दोन्ही वाट्यांतले मणे सारखेच दिसायला लागतात, पाणी किंचित पिवळसर पण आरपार राहतं. बुरशी असेल तर पांढरं मण्याला धरूनच राहतं, किंवा सुटून कापसाच्या तंतूसारखं, जाळीसारखं तरंगतं. कधी कधी वरचं पांढरं जातं आणि खाली करडा, हिरवट किंवा काळा डाग उरतो. तीही बुरशीच. साखर वरनं आली होती एवढंच.

पाण्यात टाकायच्या आधी एकदा उन्हात बघून घ्या. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तरी चालतो. साखरेचा खडा चमकतो, बोटाला रवाळ लागतो आणि नखानं खरवडला की कुरकुरतो. बुरशी चमकत नाही. ती मऊ, धुरकट दिसते आणि एका ठिपक्यापासनं गोल पसरत जाते. चव घेऊन बघू नका. आमच्याकडं बरेच काका लोक आधी तोंडात टाकतात आणि मग फोन करतात. चवीनं साखर कळेल हो, पण बुरशी असली तर ती पोटात गेली ना.

तिसरी परीक्षा नाकाची. मूठभर मणे स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा. अर्धा तास घरातल्या उबदार जागी ठेवा आणि झाकण उघडताच वास घ्या. कुबट, बंद खोलीसारखा वास आला तर बुरशी समजा. आंबूस किंवा दारूसारखा वास आला तर ते तिसरंच प्रकरण आहे, त्याचं पुढं सांगते.

*चाळीस बॉक्सची गोष्ट*

कवठेमहांकाळ भागातल्या आपल्या एका सभासदांचे चाळीस बॉक्स होते, सहाशे किलो. एप्रिलमध्ये कोल्ड स्टोरेजला ठेवले आणि जुलैमध्ये सौद्यासाठी काढले. दुपारी बॉक्स गाडीतनं उतरले आणि व्यापाऱ्याला दाखवायला म्हणून लगेच उघडले. दोन दिवसांनी बघितलं तर निम्म्याहून जास्त बॉक्सवर पांढरं. व्यापारी म्हणाला बुरशी आहे, किलोला दहा रुपये कापणार. म्हणजे सहा हजार रुपये. सभासद द्यायला तयारही झाले होते. त्यांच्या मुलानं मात्र आधी आम्हाला फोन केला.

आम्ही सगळे बॉक्स वेगवेगळे तपासले. लॉटमधला एकच बॉक्स बघितला असता तर उत्तर चुकलं असतं. एकतीस बॉक्सवर पांढरं होतं ते पाण्यात पूर्ण गेलं, वास स्वच्छ होता. ती साखर. सहा बॉक्समध्ये पांढरं काहीच नव्हतं, पण मण्यांचे गोळे झाले होते आणि हात चिकट होत होता. उरलेल्या तीन बॉक्समध्ये एका कोपऱ्यात करडे ठिपके होते, पाण्यात तंतू सुटले आणि बरणीला कुबट वास होता.

सभासदांनी बॉक्सवर पेननं रॅकचा नंबर लिहिला होता, ही त्यांची फार चांगली सवय. तिन्ही बुरशीचे बॉक्स रॅकच्या एकाच कडेचे निघाले. मार्चच्या अवकाळीत त्या बाजूनं शिंतोडे आले होते आणि तो माल बाकीच्या बरोबरच झाडून खाली घेतला होता. वरनं वाळलेला, आत ओला. कोल्ड स्टोरेजच्या चार डिग्रीला बुरशी जवळपास झोपून राहते, मरत नाही. बाहेर आल्यावर उठली.

एकतीस बॉक्सचं कारण वेगळं. चार डिग्रीचा माल जुलैच्या दमट हवेत उघडला की त्यावर दव बसतं, फ्रीजमधल्या बाटलीवर बसतं तसंच. त्या पाण्यात सालीवरची साखर विरघळते, पुढं पाणी उडतं आणि साखर खडे होऊन मागं राहते. मालाचा ओलावा मोजला तर १८ टक्के निघाला. म्हणजे आत पाक पातळ होताच, वर दवानं भर घातली.

आता १८ टक्क्यांवर माल का भरला होता? वजनासाठी. इथं मी कुणाला दोष देत नाही, हिशोब मांडते. सहाशे किलो माल १८ टक्क्यांवरनं १५ टक्क्यांवर आणला तर तो ५७९ किलो भरतो, म्हणजे एकवीस किलो घट. भाव दीडशे धरला तर तीन हजार एकशे पन्नास रुपये. बघायला गेलं तर ही रक्कम मोठी वाटते. पण व्यापारी मागत होता ती कपात सहा हजारांची होती, आणि तीन बॉक्स म्हणजे पंचेचाळीस किलो माल टाकावा लागला तो वेगळाच.

*मग केलं काय?*

साखरेचे एकतीस बॉक्स प्रोसेसिंग युनिटला नेले. तिथं कोमट पाण्यात झटपट धुतले, पाणी निथळलं, आणि ड्रायरला ५० ते ५५ डिग्रीवर १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले. ६० च्या वर नेलं की हिरव्या मालाचा रंग तपकिरीकडं जातो, म्हणून घाई केली नाही. माल चकचकीत झाला. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या मण्याची साल फाटलीय त्याला पुन्हा साखर येणारच. असा धुतलेला माल परत साठवणुकीला ठेवू नका, महिन्या-दीड महिन्यात विकून मोकळे व्हा. घरी थोडासाच माल असेल तर चाळणीत घालून वाफेवर अर्धा मिनिट धरला आणि पंख्याखाली पसरून वाळवला तरी पांढरं जातं. काहीजण तेलाचा हात फिरवून पांढरं झाकतात. ते करू नका. साखर झाकली जाते पण ओलावा आतच राहतो, आणि पुढं तेलाचा खवट वास लागतो.

तीन बुरशीचे बॉक्स पूर्ण बाजूला काढले. "वरचे खराब मणे वेचतो, खालचे चांगले आहेत" असं सभासदांच्या घरचे म्हणत होते. समजतंय, पंचेचाळीस किलो माल आहे. पण बुरशीचे तंतू डोळ्याला दिसतात त्याच्या पुढं गेलेले असतात. बेदाण्यावर येणाऱ्या काळ्या बुरशीच्या काही जाती ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते मूत्रपिंडाला घातक आहे. धुऊन, उन्हात टाकून किंवा शिजवून ते जात नाही. युरोपला जाणाऱ्या बेदाण्यात याची मर्यादा एका किलोला ८ मायक्रोग्रॅम आहे. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. एवढ्या बारीक मोजमापात दोन-चार बॉक्ससुद्धा अख्खा कंटेनर अडकवू शकतात.

बुरशीचा माल जनावरांनाही घालू नका. काही बुरशींचं विष दुधात उतरतं. तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधून हाताळा, शेडपासनं लांब खड्ड्यात पुरा, आणि त्या बॉक्सची प्लॅस्टिक पिशवी पुन्हा वापरू नका.

*चिकट माल*

सहा चिकट बॉक्स राहिले. चिकट म्हणजे खराब असं नाही. फ्रुक्टोजनं हवेतलं पाणी ओढलं, मणे एकमेकांना धरले, एवढंच झालेलं असू शकतं. मुठीत घेऊन दाबा आणि सोडा. मणे आपोआप सुटे झाले तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओलावा जास्त आहे, माल लगेच वाळवायला घ्या.

काळजी करायची ती आंबूस वासाची. जास्त साखरेतही जगणारं एक प्रकारचं यीस्ट असतं. ते चिकट, ओल्या मालात वाढतं, साखर आंबवतं, आणि त्याचे पांढरट ठिपके साखरेच्या खड्यांमध्येच मिसळलेले असतात. वाटीच्या परीक्षेत हेच फसवतं, कारण खडे विरघळतात आणि वाटतं सगळं ठीक आहे. पाणी आरपार न राहता गढूळ, दुधी झालं आणि बरणीला दारूसारखा वास आला तर ती नुसती साखर नाही. असा माल खाण्यासाठी विकू नका. आपल्या सहा बॉक्सना असा वास नव्हता, म्हणून ते एकतीसबरोबरच ड्रायरला गेले.

*कोल्ड स्टोरेजमधनं काढताना*

यातला निम्मा त्रास एका दिवसाच्या धीरानं टळतो. बॉक्स गाडीतनं उतरले की आतली पिशवी बंदच ठेवा. थप्पी लावू नका, बॉक्समध्ये हात जाईल एवढं अंतर सोडून कोरड्या, सावलीच्या खोलीत मांडा आणि एक पूर्ण दिवस-रात्र तसेच राहू द्या. दव बसायचं ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बसेल, मालावर नाही. पंधरा किलोचा थंड गठ्ठा मधनं गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी बाहेरनं कोमट लागला तरी उघडू नका. बाहेरचा घाम पुसून घ्या आणि मग सकाळी उघडा. व्यापाऱ्याला नमुना दाखवायचा असेल तर एक बॉक्स आदल्या दिवशी काढा. आणि भाव पटला नाही म्हणून तोच माल परत आत, पुन्हा बाहेर असं करू नका. प्रत्येक फेरीला साखर थोडी बाहेर येते.

*अंजीर आणि खजूर*

पुरंदर भागातले काही सभासद अंजीर वाळवून बघतायत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. सुक्या अंजिरावर पांढरी साखर येणं अगदी नेहमीचं आहे, तीही मुख्यतः ग्लुकोजच. वाटीची परीक्षा इथंही चालते, पण पुरत नाही. अंजिराला तळाशी डोळा असतो, त्या भोकातनं किडे आणि बुरशी आत जातात. बाहेरनं फळ छान दिसतं, आणि फोडलं की आत काजळी भरल्यासारखी काळी पावडर निघते. म्हणून प्रत्येक लॉटमधली वीस-पंचवीस फळं उभी चिरून आत बघा. अंजिरात अफ्लाटॉक्सिनचाही धोका असतो. तुर्कस्तानात तर निर्यातीचं अंजीर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरतात आणि हिरवट-पिवळं चमकणारं फळ बाजूला काढतात. आपल्याकडं ती सोय नसली तर मोठा लॉट विकण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

खजूर आपण पिकवत नाही, पण उपवासाला आणि रमजानला तो घरोघरी येतो आणि त्याचेही फोटो येतात, म्हणून दोन ओळी. मऊ खजुराची साल सुटून तिच्याखाली फिकट, रवाळ खडे दिसतात, ती साखर. खजूर जरा गरम केला की मऊ पडतो. बी काढून आत बघा. बीभोवती काळी पूड किंवा पांढरे तंतू असतील तर टाकून द्या.

*नमुना कसा आणायचा*

वाटीची परीक्षा करूनही शंका राहिली तर फोटो न पाठवता नमुना घेऊन या. किमान दहा बॉक्समधनं, प्रत्येकाच्या वरनं, मधनं आणि तळातनं मूठ-मूठ काढून सगळं एकत्र करा. त्यातला अर्धा किलो कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ज्या बॉक्समध्ये पांढरं सगळ्यात जास्त आहे त्याचा नमुना वेगळ्या डब्यात आणा, मिसळू नका. डब्यावर रॅकचा नंबर, बॉक्स भरल्याची तारीख आणि कोल्ड स्टोरेजमधनं काढल्याची तारीख लिहा. ओलावा आम्ही कंपनीच्या मशीनवर तुमच्यासमोर मोजू. सौदा बुधवारी असेल तर नमुना सोमवारीच आणा, म्हणजे माल ड्रायरला न्यायचा की नाही ते ठरवायला मधला एक दिवस हातात राहील.